सड्यावरची गर्दी

साताऱ्यात राहणाऱ्या माणसाला वर्षाचे दहा-अकरा महिने नातेवाईक जेमतेमच असतात. म्हणजे असतात, पण ते पुण्यात, ठाण्यात, नाशकात आपापल्या जागी सुखी असतात आणि आमची आठवण त्यांना कंदी पेढ्यांपुरती येते. भाद्रपद लागला की मात्र गोतावळा एकदम वाढतो. लग्नात शेवटच्या भेटलेल्या मावसबहिणीला माझ्या गुडघ्याची काळजी वाटू लागते. ऑफिस सोडून गेलेल्या जुन्या सहकाऱ्याला ‘सहज’ फोन करावासा वाटतो. गुडघा, हवापाणी, मुलांचे शिक्षण असे सगळे रीतसर झाल्यावर, फोन ठेवता ठेवता प्रश्न येतो, “बरं, कासला फुलं आली का रे? आणि गर्दी कितपत आहे?”

पहिल्या प्रश्नाचे उत्तर देता येते. दुसऱ्याचे देणे कठीण, कारण विचारणाऱ्याला खरे उत्तर नकोच असते. “गर्दी आहे” म्हणालो तर “म्हणजे फुलं जोरात आहेत!” असा आनंदी निष्कर्ष निघतो, आणि “गर्दी नाही” म्हणालो तर “मग फुलं नसतील अजून” अशी निराशा. आपल्याकडे गर्दी हीच एखाद्या जागेची शिफारस मानली जाते. ज्या खानावळीबाहेर रांग नाही, तिथे जेवायला माणूस बिचकतो. तसेच हे.

तरीही खरोखर गर्दी टाळू पाहणारे काही सज्जन उरतातच, आणि साताऱ्यात राहून आम्हाला गर्दीचा वास यायला लागला आहे. त्यासाठी पठारावर जावे लागत नाही. घरबसल्या कळते. पहिली साक्ष कालनिर्णयाची. फुलांचा भर साधारण सप्टेंबरात असतो, थोडा इकडेतिकडे, पावसाच्या मर्जीने. त्याच सुमारास गणपती येतात आणि जातात. गणपती घरात असताना माणूस मोदकांपासून लांब जात नाही, त्यामुळे ते दिवस त्या मानाने बरे. अनंत चतुर्दशी उलटली की मंडळी मोकळी होतात, आणि पुढे पितृपक्ष लागतो. पितृपक्षात फ्लॅट घ्यायचा नाही, गाडी घ्यायची नाही, साखरपुडा करायचा नाही. शनिवार-रविवारी मग करायचे काय? कास बघायचे. पितरांना ज्या पंधरवड्यात कावळे लागतात, त्या पंधरवड्यात आमच्या यवतेश्वरच्या घाटाला मोटारी लागतात.

दुसरी साक्ष आरक्षणाची. कासला दिवसाला तीन हजार माणसांची मर्यादा घातलेली आहे आणि जाण्याआधी ऑनलाइन नोंदणी करावी लागते. हंगामात दिवसाचे भाग पाडून प्रवेश देतात. बहुतेक लोक ही नोंदणी फक्त आपल्या तारखेपुरती बघतात. जागा दिसली की खूश, नाही दिसली की सरकारला शिव्या. पण तो तक्ता म्हणजे गर्दीची नाडी आहे. बुधवारी सकाळी बसून पुढचा रविवार बघा, लगेच त्याच्या पलीकडचा मंगळवार बघा. रविवार बुधवारीच भरला असेल आणि मंगळवार मोकळा असेल, तर फुले भरात आहेत आणि लोक नोकरीवर आहेत. मंगळवारही भरत आला असेल, तर शाळांच्या सहली निघाल्या आहेत असे समजावे. आणि सहलीतली मुले एका सुरात ओरडतात, त्यामुळे संख्येपेक्षा त्यांची गर्दी जास्त वाटते.

तिसरी साक्ष नकाशाची, आणि इथे जरा सांभाळून. गुगल मॅप्सवर एखाद्या जागेखाली निळसर खांब दिसतात, कोणत्या दिवशी कोणत्या तासाला गर्दी असते त्याचे. माझ्या साडूंचा त्या खांबांवर वेदवाक्यासारखा विश्वास आहे. पण ते खांब येतात लोकांच्या खिशातल्या फोनवरून, आणि तेही मागच्या काही आठवड्यांची सरासरी काढून. हॉटेलात, मॉलमध्ये ठीक आहे. पठारावर फोनला सिग्नल येतो-जातो. आणि सरासरी कशाची? जुलैतल्या धुक्यातल्या ओस रविवारांची आणि सप्टेंबरातल्या फुलांच्या रविवारांची मिळून! त्यापेक्षा रस्ता बघावा. साताऱ्याहून कासला जाणारा नेहमीचा रस्ता म्हणजे यवतेश्वरचा घाट, अरुंद, वळणावळणाचा. ज्या रविवारी जायचे त्याच्या आधीच्या रविवारी दर तासाला एकदा नकाशा उघडून तो रस्ता कुठल्या रंगाचा आहे ते बघावे. नऊला हिरवा, दहाला नारिंगी आणि अकराला तांबडालाल झाला, तर पुढच्या रविवारी तो कसा असेल हे सांगायला ज्योतिषी नको. खांब खोटे बोलू शकतील. अडकलेला ड्रायव्हर सहसा बोलत नाही.

चौथी साक्ष फोटोंची. पर्यटक फोटो काढतो तेव्हा माणसे वगळून काढतो. त्यासाठी तो गुडघ्यावर बसतो, वाकतो, कधी पोटावर झोपतो, आणि मागचे साडेचारशे लोक फुलांच्या आड बसवतो. तेव्हा फोटोच्या मधोमध बघू नये, कडांकडे बघावे. कडेला पिवळी पट्टी, दोरी, कुणाच्या तरी सॅकचा पट्टा, छत्रीची दांडी असे काहीतरी निसटलेले असते. आणि फोटो कायम ‘नवीन आधी’ लावून बघावेत. वरचा सगळ्यात सुंदर फोटो सहसा पाच वर्षांपूर्वीच्या एखाद्या गुरुवारी पहाटे काढलेला असतो. फोटोंपेक्षाही लोकांनी लिहिलेल्या तक्रारी वाचाव्यात. “फुले छान” असे सगळेच लिहितात. “गाडी लावून दीड किलोमीटर चाललो” असे लिहिणारा माणूस आपला खरा हितचिंतक.

शेवटची साक्ष म्हणजे फोन. तिथल्या एखाद्या घरगुती जेवणावळीला फोन करून “गर्दी आहे का हो?” असे कधीही विचारू नये. त्यांचा संसार गर्दीवर चालतो. ते म्हणणारच, “नाही नाही साहेब, निवांत आहे, या.” विचारायचे असेल तर असे विचारावे, “रविवारी सकाळी किती जणांच्या भाकऱ्या थापता?” मालकीणबाई लगेच खऱ्या बोलतात, कारण हा आकडा त्यांच्या मनगटात असतो. “काय सांगू दादा, गेल्या ऐतवारी पीठ संपलं” असे ऐकू आले की आपला कार्यक्रम मंगळवारी हलवावा.

आता इतके सगळे करून साडू मंडळींना मी व्यवस्थित सांगितले होते की रविवारी येऊ नका. साडू पुण्याचे. त्यांना सांगितलेले ऐकले जात नाही, ते स्वतः शोधून काढल्यासारखे वाटले तरच पटते. शनिवारी रात्री सहकुटुंब हजर. नोंदणी केलेली नव्हतीच, कारण निळे खांब लहान होते.

“अहो, काहीतरी तिकीट मिळेलच की. तुम्ही इथलेच ना?”

“इथला म्हणून मला फुलांनी पास दिलेला नाही.”

सौभाग्यवतींनी मध्ये पडून चहा केला आणि चहाबरोबर मुद्द्याचा प्रश्न टाकला. “भाऊजी, तुम्हाला कासला नक्की काय बघायचंय?”

प्रश्न साधा, पण पर्याय शोधायचा तर त्याच्याशिवाय गत्यंतर नाही. आपण एका जागेला पर्याय शोधतो तेव्हा फोटोसारखा फोटो शोधतो. महाबळेश्वरला गर्दी म्हणून दुसरीकडचे ‘मिनी महाबळेश्वर’ गाठायचे आणि तिथे बघायचे काय, तर तिथलीही स्ट्रॉबेरीची टपरी. त्यापेक्षा आपल्याला नेमके काय ओढून नेते, आणि ते तिथे कशामुळे आहे, हे आधी ठरले की पर्याय आपोआप समोर येतात.

साडूंच्या घरात चार उत्तरे निघाली. स्वतः साडूंना गालिचा हवा होता, म्हणजे क्षितिजापर्यंत जांभळा-गुलाबी तेरडा आणि समोर ते. मेहुणीला फुले जवळून बघायची होती. धाकट्या भाच्याने शाळेत कीटक खाणाऱ्या वनस्पतींचा धडा वाचला होता, त्याला त्या खाताना बघायच्या होत्या. आणि साडूंच्या आईंना मोकळी हवा आणि पिठले-भाकरी. या चारांपैकी गालिच्याला पर्याय नाही, हे मी प्रामाणिकपणे सांगितले. इतक्या विस्तीर्ण जागेत, एका वेळी, एका रंगाने पेटलेले पठार कासला दिसते तसे दुसरीकडे क्वचित दिसते. त्यासाठी आठवड्यातल्या मधल्या दिवशी यायचे आणि नोंदणी करून यायचे, दुसरा उपाय नाही. उरलेल्या तिघांची सोय मात्र कासवर अवलंबून नाही. ती दगडावर अवलंबून आहे.

हा दगड म्हणजे जांभा. कोकणी माणसाला सांगायला नको, त्याचे घर जांभ्याच्या चिऱ्यांचे असते. सह्याद्रीच्या काही माथ्यांवर या जांभ्याचा सपाट थर पसरलेला आहे. त्याला आमच्याकडे आणि कोकणातही सडा म्हणतात. कासचे पठार म्हणजे सुमारे बाराशे मीटर उंचीवरचा असाच एक सडा. जांभा लोहयुक्त, छिद्राछिद्रांचा, पण खाली कातळ सलग. पावसाळ्यात त्यावर पाणी साचते, झिरपते, पुन्हा वर येते. वरचा मातीचा थर काही बोटांचा, काही ठिकाणी तेवढाही नाही. झाडाला मूळ धरायला जागाच नाही, म्हणून झाडे नाहीत. मार्च-एप्रिलमध्ये हाच सडा तव्यासारखा तापतो. अशा जागी टिकायचे तर जून ते ऑक्टोबर एवढ्या अवधीत उगवून, फुलून, बी टाकून मोकळे व्हायचे. म्हणून सगळी फुले घाईत असतात आणि एकदम येतात. आणि साचलेल्या पाण्यात नायट्रोजन जवळपास नसतो, म्हणून त्यातल्या काही वनस्पतींनी कीटकांची खानावळ लावली आहे.

हे एकदा कळले की पुढचे सोपे. जांभ्याचा सडा जिथे, तिथे थोड्याफार फरकाने तीच मंडळी. युनेस्कोने २०१२ साली पश्चिम घाटातल्या ३९ जागांना जागतिक वारशाचा दर्जा दिला, त्यात कास आहे, त्यामुळे कासचे नाव झाले. नाव झाले म्हणून दगड दुसरीकडे संपला नाही.

सडा शोधायचा कसा? उपग्रहाचा नकाशा उघडायचा. सह्याद्रीच्या माथ्यावर गर्द झाडीच्या मध्येच एखादा सपाट, तपकिरी, कडा तुटलेला पट्टा दिसतो, झाडे नाहीत, शेते नाहीत, तो बहुधा सडा. मग जवळच्या वाड्यांची नावे बघायची. पठार, सडा, माळ असे काही आढळले की नेम बसला. मग त्यावर एखादी पायवाट किंवा कच्चा रस्ता जातो का ते बघायचे. आणि शेवटी, हे लोक विसरतात, ती जमीन कुणाची आहे ते विचारायचे. काही सडे वनखात्याचे, काही गावाचे गायरान, काही खाजगी. मोकळी दिसणारी जमीन बिनमालकीची असते हा समज फक्त शहरात होतो.

मोठी नावे सांगायची तर कोल्हापूरकरांना पन्हाळ्याजवळचे मसाई पठार आहे. पन्हाळ्याहून पावनखिंडीकडे जाणारे ट्रेकर ते तुडवतात, पण बहुतेकांचे लक्ष इतिहासाकडे आणि पायांतल्या बुटांच्या फोडांकडे असल्यामुळे फुले दुर्लक्षित राहतात. मुंबईकर-रत्नागिरीकरांना राजापूर, रत्नागिरी भागातले सडे आहेत. ते समुद्रापासून फार उंच नाहीत, पण दगड तोच, आणि तिथे फुलांच्या शेजारी कातळात कोरलेली हजारो वर्षांपूर्वीची चित्रे, कातळशिल्पे, भेटतात. एका तिकिटात दोन खेळ. आणि आम्हा सातारकरांना, कासपेक्षा वेगळ्या दिशेला, चाळकेवाडीचे पठार आहे.

रविवारी सकाळी सहाला आम्ही त्या दिशेने निघालो. बोगद्यापासून उजवीकडे कासला जाणाऱ्या गाड्यांची रांग लागायला सुरुवात झाली होती. साडूंनी तिच्याकडे, लग्नात दुसऱ्याच्या ताटात जिलेबी जाताना बघावे तसे बघितले. आमचा रस्ता सज्जनगडाचा, पुढे बोरणे घाट, मग ठोसेघर. ठोसेघरलाही रविवारी जत्रा असते, पण ती धबधब्याची. धबधबा म्हणजे माणसाला एका जागी खिळवणारी वस्तू आहे, त्यामुळे ठोसेघरचे लोक ठोसेघरलाच थांबतात. कणसाची शेवटची टपरी मागे पडली आणि रस्त्यावर आम्ही, एक एसटी आणि दोन दुचाक्या एवढेच उरलो. गर्दीचा माझा अनुभव असा की ती जिथे गाडीतून उतरता येते आणि कणीस मिळते तिथेच असते. शेवटच्या कणसाच्या पुढे जो जातो, त्याला जग मोकळे मिळते.

चाळकेवाडीला पवनचक्क्या आहेत. डोंगरमाथ्यावर ओळीने उभ्या, मोठ्या, पांढऱ्या. सुरुवातीला त्या चांगल्या वाटतात, मग त्यांचा घूं-घूं आवाज सतत कानात राहतो. त्या उभ्या करताना रस्ते झाले, खड्डे झाले, सड्याचे काही तुकडे कायमचे गेले. हे मी मुद्दाम सांगतो, कारण ‘शांत पर्याय’ म्हटले की माणूस अस्पर्श, कोवळे असे काहीतरी डोळ्यांसमोर आणतो. शांत जागा बहुधा काहीतरी गमावलेली असते, म्हणून शांत असते. कुठे रस्ता वाईट, कुठे पवनचक्की, कुठे जेवणाची सोय नाही. आपल्याला चालेल असा उणेपणा निवडायचा, एवढेच.

मेहुणीला हवे ते शंभर पावलांत सापडले. जांभ्याच्या एका खोलगट थाळीत पाणी साचले होते आणि तिच्या कडेने निळ्या-जांभळ्या रंगाची फुले, नखाएवढी, दोन पांढरे ठिपके असलेली. सीतेची आसवे. सीतेने वनवासात ढाळलेले अश्रू, असे लोक म्हणतात. त्यांच्या शेजारी गेंद, पांढऱ्या शर्टाच्या बटणांसारखी गोल डोकी दांड्यावर डोलत. मेहुणी गुडघ्यावर बसली आणि पाऊण तास उठली नाही. कासला, माझ्या माहितीप्रमाणे, पाऊण तास एका जागी बसू देत नाहीत, आणि ते बरोबर आहे. तिथे मागून पुढची बॅच येत असते.

भाच्याची मात्र पंचाईत. त्याला कीटक खाणारी वनस्पती दाखवावी तर ती हीच, सीतेची आसवे. त्याचा विश्वास बसेना. “ही तर फुलं आहेत. तोंड कुठाय?” तोंड चिखलात. मी एक रोप उपटून दाखवले नाही, पण सांगितले की मातीत आणि पाण्यात बुडालेल्या तिच्या धाग्यांना बारीक फुगे असतात. फुग्याच्या तोंडावरच्या केसांना एखादा सूक्ष्म जीव लागला की झडप उघडते, पाणी आत ओढले जाते आणि त्याच्याबरोबर तो जीवही. डोळ्याची पापणी लवायच्या आत सगळा कार्यक्रम. वर अश्रू, खाली शिकार. भाच्याने बराच वेळ त्या फुलाकडे संशयाने पाहिले. सुदैवाने पुढे एका ओल्या कातळावर दवबिंदू नावाची वनस्पती सापडली. तिच्या पानांवर चिकट थेंब चमकतात आणि त्यांत खरोखरच एक चिलट अडकलेले होते. मग आसवांबद्दलचा अविश्वास मावळला. साडूंनी त्या चिलटाचा फोटो काढला. गालिच्याच्या जागी त्यांच्या गॅलरीत ते चिलट आहे, आणि खरे सांगायचे तर ते ठळक आले आहे.

मला शोधायचा होता तो वायतुरा. इंग्रजी वायसारख्या फाट्याचा तुरा असलेली, डबक्यात उगवणारी वनस्पती. तिच्या शास्त्रीय नावात सातारा आहे आणि ती फार थोड्या सड्यांवर मिळते. तो सापडला नाही. तो पावसाच्या सुरुवातीला, गर्दीच्या आधी येतो आणि आपले काम उरकून जातो. त्याला पितृपक्षात लोक येतात हे बहुधा ठाऊक असावे.

चालताना मी सगळ्यांना एकच नियम घातला होता, कातळावर पाय, मातीवर नाही. साडूंना ते जाचक वाटले. “अहो, एवढ्या मोठ्या माळावर आपण पाच माणसं. काय बिघडतंय?” कासला पट्टी आहे, दोरी आहे, शिट्टी वाजवणारे स्थानिक तरुण आहेत, कुणी फुलात बसला तर ओरडायला कुणीतरी आहे. इथे कुणी नाही. तो दोन बोटांचा मातीचा थर, त्यात पुढच्या वर्षीचे बी. त्यावर बसून सेल्फी काढणाऱ्याच्या पाठीमागे पुढच्या सप्टेंबरात कातळ उघडा असतो. कासच्या तीन हजारांवर टीका करणे सोपे आहे, पण ती मर्यादा आणि ते पहारेकरी आहेत म्हणून त्या पठारावर इतके लोक येऊनही फुले उरली आहेत. मर्यादा नसलेल्या सड्यावर पन्नास माणसेही फार. कासला कुंपण घालावे की गुरे चरू द्यावीत यावरही बरीच वर्षे वाद चालू आहे. गुरांनी उंच गवत खाल्ले नाही तर बुटक्या फुलांना ऊन मिळत नाही, असे म्हणणारेही अभ्यासक आहेत. म्हैस ही फुलांची शत्रू की माळी, हे अजून पुरते ठरलेले नाही.

साडूंच्या आईंच्या पिठल्याचा प्रश्न उरला होता. शांत जागेत भाकरीची पाटी नसते. म्हणून आम्ही डबा नेला होता, पाणी नेले होते, आणि परत न्यायला एक रिकामी पिशवीही. स्वच्छतागृह नाही, हे निघण्यापूर्वी स्पष्ट सांगितले होते. शांत पर्याय सुचवताना हे न सांगणे म्हणजे नातेसंबंध तोडायची तयारी. नेटवर्क नाही. धुके कुठल्याही क्षणी येते आणि पवनचक्क्याही गिळून टाकते, तेव्हा कड्याकडे जायचे नाही. ओला जांभा शेवाळाने निसरडा होतो. एवढे सोसले तर हवा मोकळी. आजींनी आडोशाला सतरंजी टाकली आणि ताटावर पदर धरून, वाऱ्याशी भांडत, भाकरी खाल्ली. म्हणाल्या, “कासपेक्षा हे बरं. तिथं ढकलाढकली असते म्हणे.” कास त्यांनी बघितलेले नव्हते. तरीही मत ठाम होते.

जेवण आटोपता आटोपता एक गुराखी म्हशी घेऊन आला. सत्तरीचा, खांद्यावर घोंगडे, हातात काठी. आमच्याकडे बघून थांबला. साडूंनी उत्साहाने भाकरी पुढे केली. त्याने ती घेतली, लसणीची चटणी लावली आणि उभ्यानेच खाऊ लागला. मेहुणीने विचारले, “आजोबा, इथं रोज येता?”

“रोज. आज जरा उशीर झाला.”

“छान आहे हो तुमचं पठार. इतकी शांतता कुठं मिळत नाही.”

म्हाताऱ्याने सड्यावर नजर फिरवली. आम्ही, आमची एक गाडी, लांबवर दोन दुचाक्या, आणि पलीकडच्या उतारावर म्हशींचा आणखी एक कळप.

“शांतता कसली,” तो म्हणाला, “आज लई गर्दी हाय. खालच्या वाडीची म्हसरं बी वर आल्यात. तुमी असं करा, मंगळवारी या.”